व्यंगपटाची रेष आणि कॅमेऱ्याचा चेहरा: एकाच डीव्हीडीसाठी अपस्केलिंगच्या दोन वाटा

आमच्या शेजारी राहणारे काका नव्वदच्या दशकात मुंबईत हाताने ॲनिमेशन करायचे. पारदर्शक सेलवर पुढच्या बाजूने शाईची रेष, मागच्या बाजूने रंग. त्या काळात त्यांनी मुलांसाठीच्या एका कार्यक्रमात गोष्टींचे चित्रमय भाग केले होते. मूळ फिल्म कुठे गेली ते कुणालाच माहीत नाही. हातात उरली ती टेपवरून उतरवलेली एक डीव्हीडी. 24 मिनिटांची, 720 गुणिले 576 पिक्सेलची, भारतातल्या टीव्हीप्रमाणे सेकंदाला 25 फ्रेमची. त्यातली 10 मिनिटं एक ताई मुलांशी गप्पा मारते, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं खरं दृश्य. उरलेली 14 मिनिटं काकांची चित्रं.

मी आधी संपूर्ण डीव्हीडी कमी पिक्सेलचं चित्र मोठं आणि स्पष्ट करणाऱ्या एकाच एआय मॉडेलमधून काढली. फोटोंवर शिकवलेलं मॉडेल घेतलं तेव्हा ताईच्या साडीचा पोत बरा आला, पण चित्रातल्या निळ्या आकाशावर सिमेंटच्या भिंतीसारखे ओरखडे उमटले आणि रेषांना पांढरी किनार आली. मग चित्रांवर शिकवलेलं मॉडेल लावलं. आकाश स्वच्छ झालं, रेष काळीभोर झाली आणि ताईचा चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा दिसू लागला. काकांना दाखवलं तर ते ताईकडे बघेनातच. गोष्टीतल्या म्हाताऱ्याच्या भुवईवर बोट ठेवून म्हणाले, "ही रेष माझी नाही. मी ब्रश दाबून सुरू केला होता आणि उचलत संपवला होता. इथे ती सगळीकडे सारखीच जाड आहे."

त्या भुवईपायी मला सगळं काम पुन्हा करावं लागलं. ते कसं केलं ते इथे क्रमाने सांगतो. असाच जुना ऐवज तुमच्याकडे असेल आणि तो वापरायची परवानगी असेल, तर हीच वाट चालेल.

रेष आणि कड यांतला फरक

फोटोत बहुतेक ठिकाणी रेष नसतेच, कड असते. ताईचा खांदा संपतो आणि मागची भिंत सुरू होते. एका बाजूला एक रंग, दुसऱ्या बाजूला दुसरा, मधे थोडा उतार. चित्रातली रेष वेगळी. तिच्या दोन्ही बाजूंना सपाट रंग असतो आणि मधे दोन-तीन पिक्सेल रुंदीची काळी पट्टी. म्हणजे पाठीला पाठ लावून उभ्या दोन कडा, त्याही इतक्या जवळ की डीव्हीडीच्या रिझोल्यूशनमध्ये एकमेकींत मिसळून गेलेल्या.

एखाद्या जुन्या कार्टूनची फ्रेम आठपट मोठी करून बघा. रेषेच्या मध्यावर खरा काळा असा एखादाच पिक्सेल दिसेल, कधी तोही नसेल. त्याच्या दोन्ही बाजूंना राखाडी पिक्सेल आणि त्यांच्या पलीकडे फिकट लाटा. या लाटा चित्रकाराच्या नाहीत. डीव्हीडीचं एमपेग-2 कॉम्प्रेशन चित्राचे 8 गुणिले 8 चे चौकोन पाडतं आणि धारदार काळी रेष त्या चौकोनात नीट बसत नाही, म्हणून तिच्याभोवती ही थरथर उरते. फोटोत ही थरथर केसांत, पानांत, कापडात लपून जाते. चित्रात तिला लपायला जागाच नसते, कारण शेजारी सपाट रंग असतो.

आता फोटोंवर शिकलेल्या मॉडेलच्या जागी उभं राहून बघा. त्याने शिकताना झाडं, विटा, त्वचा, लोकर पाहिली आहे. तिथे बारीक खरखर दिसली की तिच्यामागे बहुतेक खरोखरचा पोत असतो. रिअल-ईएसआरगॅनसारख्या मॉडेलना शिकवताना आणखी एक न्यूरल जाळं परीक्षक म्हणून बसवलेलं असतं आणि ते सतत विचारतं, 'हे खऱ्या फोटोसारखं दिसतंय का?' अगदी सपाट निळा तुकडा फोटोत क्वचितच असतो, म्हणून मॉडेलला पोत घालायची सवय लागते. रेषेभोवतीची थरथर त्याला पोताची खूण वाटते आणि ते ती वाढवून देतं. माझ्या आकाशातले ओरखडे तिथून आले. रेषेची पांढरी किनारही तशीच: मॉडेलने दोन कडा वेगवेगळ्या धारदार केल्या आणि त्यांच्या बाहेर उजळ पट्टी उरली.

चित्रांवर शिकलेल्या मॉडेलने मात्र हजारो वेळा पाहिलेलं असतं की काळी पट्टी अखंड असते, तिच्या दोन्ही बाजू सपाट असतात आणि भोवतीची खरखर हा कचरा आहे. 2015 साली आलेल्या वाइफू2एक्सने ही वाट दाखवली. ते जाळं लहान होतं, पण चित्रांसाठीच शिकवलेलं होतं. रिअल-ईएसआरगॅनच्या 2021 नंतरच्या संचात फोटोंचं मॉडेल वेगळं, स्थिर चित्रांचं वेगळं आणि ॲनिमेशन व्हिडिओचं त्याहून वेगळं आहे. व्हिडिओचं मॉडेल फारच छोटं आहे, आणि ते बरंच आहे. हजारो फ्रेम त्यातून जायच्या असतात आणि सपाट रंगाला मोठं जाळं लागतही नाही.

पण याच शिकवणीला दुसरी बाजू आहे. या मॉडेलना जपानी शैलीची चित्रं दाखवलेली आहेत. तिथली रेष बहुधा बारीक आणि एकसारख्या जाडीची असते. काकांची ब्रशने चढत-उतरत गेलेली रेष मॉडेलला बिघडलेली वाटली, म्हणून त्याने ती 'दुरुस्त' केली. योग्य प्रकारचं मॉडेल निवडलं तरी काम अर्धंच होतं ते यामुळे.

पहिलं काम: फील्ड ओळखणे

मॉडेल सुरू करण्याआधी एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरमध्ये फाइल उघडा आणि पूर्णविरामाची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे सरका. इंटरलेसिंग काढणारी सोय त्या वेळी बंद असू द्या. हलणाऱ्या गोष्टींच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात का ते बघा.

ताईच्या भागात हात हलला की प्रत्येक फ्रेममध्ये दात दिसत होते. व्हिडिओ कॅमेऱ्याने सेकंदाला 50 अर्ध्या प्रतिमा, म्हणजे फील्ड, टिपल्या होत्या, सम ओळींची एक आणि विषम ओळींची एक, दोन्ही वेगवेगळ्या क्षणांच्या. चित्रांच्या भागातही दात होते, पण त्यामागचं कारण अगदी वेगळं. तिथे फिल्मची प्रत्येक फ्रेम एकाच क्षणाची होती. टेपवर उतरवताना जोडी चुकली आणि या फ्रेमच्या सम ओळी पुढच्या फ्रेमच्या विषम ओळींसोबत बसल्या. दात दिसतात तेही चित्र बदलतं त्याच फ्रेमला.

दोन्हींवर उपाय वेगळा आहे, आणि माझ्या मते इथे झालेली चूक मॉडेलच्या निवडीपेक्षाही महाग पडते. ताईच्या भागाला खरं डीइंटरलेसिंग हवं. ffmpeg या व्हिडिओ साधनातला `bwdif` फिल्टर अर्ध्या प्रतिमांपासून सेकंदाला 50 पूर्ण फ्रेम बनवतो, गहाळ ओळी अंदाजाने भरतो. तेच चित्रांना लावलं तर 576 पैकी 288 ओळी आपण फेकून दिल्या आणि उरलेल्यांवरून अंदाज बांधला, असं होतं. किंचित तिरकी रेष मग जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसते. पुढचं मॉडेल त्या पायऱ्या खऱ्या समजून धारदार करतं. अपस्केल केलेल्या कार्टूनमध्ये पायऱ्या-पायऱ्यांच्या रेषा दिसल्या तर मॉडेलला दोष देण्याआधी ही पायरी तपासा. चित्रांच्या भागात फक्त चुकलेली जोडी पुन्हा जुळवायची असते. ते काम `fieldmatch` करतो आणि एकही ओळ वाया जात नाही.

अमेरिका किंवा जपानमधली डीव्हीडी असेल तर चित्र 720 गुणिले 480 असतं आणि तिथे 24 फ्रेमच्या फिल्मचे सेकंदाला 29.97 करण्यासाठी काही फील्ड दोनदा दाखवलेली असतात. अशा वेळी `fieldmatch` नंतर `decimate` लावून जास्तीची फ्रेम काढावी लागते. आपल्याकडच्या 25 फ्रेमच्या ऐवजाला ते लावू नका, नाहीतर खऱ्या फ्रेम उडतील.

जुळी चित्रं बाजूला काढणे

हाताने केलेल्या ॲनिमेशनमध्ये एक चित्र सहसा दोन फ्रेम धरून ठेवतात, कधी तीन. काकांच्या कामात सेकंदाला साधारण बारा-तेरा वेगळी चित्रं होती. पात्र उभं राहून ऐकत असेल तर एकच चित्र सेकंदभरही टिकतं.

कागदावर ती जुळी चित्रं एकच असतात. टेपवर मात्र प्रत्येक फ्रेमला आपापली खरखर चिकटलेली असते. मॉडेल प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे बघतं, त्यामुळे खरखरीतला इवलासा फरकही त्याला वेगळ्या निर्णयाकडे नेतो. एका फ्रेममध्ये रेष अर्धा पिक्सेल डावीकडे, दुसरीत उजवीकडे. चालू व्हिडिओत स्थिर उभ्या पात्राची बाह्यरेषा उकळत्या दुधासारखी थरथरते. खऱ्या दृश्यात ही थरथर नजरेत भरत नाही, कारण तिथे एरवीही सगळं हलत असतं. चित्रात डोळा थेट तिथेच जातो.

म्हणून एक चित्र एकदाच मोठं करायचं आणि तीच प्रत जेवढा वेळ हवी तेवढा वेळ दाखवायची. मी दोन-दोन मिनिटांचे, म्हणजे 3000 फ्रेमचे तुकडे केले. एका तुकड्याची आज्ञा अशी:

```
ffmpeg -ss 190 -t 120 -i goshta.mpg -an -vf \
"fieldmatch=order=tff:mode=pc,crop=704:576,\
settb=1/25,setpts=N,mpdecimate=hi=512:lo=256:frac=0.2" \
-fps_mode vfr -enc_time_base 1:25 -frame_pts 1 in/%04d.png
```

`in` आणि मोठ्या केलेल्या फ्रेमसाठी `up` हे रिकामे फोल्डर प्रत्येक तुकड्याआधी बनवून ठेवा. `crop` दोन्ही बाजूंच्या आठ-आठ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या काढतो. `mpdecimate` आधीच्या फ्रेमसारखीच दिसणारी फ्रेम गाळतो. शेवटच्या `-frame_pts 1` मुळे फाइलच्या नावात फ्रेमचा मूळ क्रमांक टिकतो, म्हणजे 0014 नंतर थेट 0016 येतो आणि मधली गाळलेली जागा लक्षात राहते. त्या क्रमांकांवरूनच पुढे सगळी वेळ जुळवायची आहे.

`hi` चा आकडा मुद्दाम 768 वरून, म्हणजे एरवी असतो त्यापेक्षा, खाली आणला आहे. माझ्या पहिल्या प्रयत्नात म्हातारा बोलत होता पण तोंड उघडतच नव्हतं, कारण लांबच्या दृश्यात ओठांचा बदल इतका छोटा होता की फिल्टरने ती फ्रेम जुळी समजून काढून टाकली. प्रत्येक तुकड्यातलं एक संवादाचं आणि एक पापणी मिटल्याचं दृश्य मूळ फाइलशी ताडून बघा. ओठ अडकले तर आकडा आणखी कमी करा. उलट, टेपची खरखर फार असेल आणि काहीच गाळलं जात नसेल तर `mpdecimate` च्या आधी `hqdn3d=1:1:3:3` एवढी हलकी सफाई घाला. त्याहून जोर लावू नका, नाहीतर धावणाऱ्या पात्रामागे भूत दिसतं.

टेपवरून आलेल्या ऐवजात रंग रेषेबाहेर एका बाजूला सरकलेला असतो. काकांच्या म्हाताऱ्याचं लाल पागोटं उजवीकडे रेषेच्या बाहेर ओघळलेलं होतं. रंगाची माहिती डीव्हीडीवर मुळातच निम्म्या रुंदी-उंचीत साठवलेली असते, त्यात टेपची भर. ही गळती मोठं करण्याआधीच काढायला हवी, कारण मॉडेल तिला नवी कड समजून पक्की करतं आणि मग ती हलत नाही. `crop` नंतर `chromashift=cbh=-2:crh=-2` घातलं आणि पागोटं जागेवर आलं. तुमच्याकडे आकडा वेगळा असेल. लाल रंगाचं एक सपाट क्षेत्र धरून एकेकाने बदलत बघा.

एक गोष्ट आधी करायचा मोह होतो आणि ती अजिबात करू नये: धार वाढवणे. रेषेभोवतीच्या लाटा त्याने जाड होतात आणि चित्रांचं मॉडेलसुद्धा मग त्या पुसू शकत नाही.

मॉडेलची परीक्षा पाच फ्रेमवर

सगळ्या फ्रेम चालवण्याआधी पाच निवडा. चेहऱ्याचा जवळून घेतलेला भाग, लांबून दिसणारा घोळका, फक्त रंगवलेली पार्श्वभूमी, वेगाने पळणारं पात्र आणि अक्षरं असलेली पाटी. या पाचांत सगळे दोष बाहेर पडतात.

जवळच्या चेहऱ्यावर चित्रांचं कुठलंही मॉडेल छान दिसतं, म्हणून तेवढ्यावर भुलू नका. लांबच्या घोळक्यात मूळ डोळा म्हणजे दोन पिक्सेलचा ठिपका असतो. थोराड मॉडेल तिथे पापण्या आणि चमक असलेला डोळा काढून ठेवतं, जो चित्रकाराने काढलेलाच नाही. पार्श्वभूमी हा सगळ्यात दुखरा भाग. सेलवरची पात्रं सपाट रंगात असतात, पण मागचं गाव, झाडं, आकाश पोस्टर कलरने कागदावर रंगवलेलं असतं. त्यात ब्रशचे फटकारे असतात, कागदाचा कण असतो. सपाटपणा शिकलेलं मॉडेल ते पुसून टाकतं. काकांच्या कुडाच्या भिंतीचं एका मॉडेलने गुळगुळीत प्लास्टिक करून टाकलं.

आणि पाटी. देवनागरी अक्षरांच्या बाबतीत फार जपायला हवं. अनुस्वाराचा टिंब मॉडेलला खरखरीचा कण वाटतो आणि तो गायब होतो. 'घ' आणि 'ध' मधली बारीक गाठ बुजते. पाटीवर 'रंग' होतं, माझ्याकडे 'रग' उरलं.

मी दोन मॉडेल समोरासमोर ठेवली. `realesrgan-x4plus-anime` हे स्थिर चित्रांसाठीचं मॉडेल रेषा ठसठशीत करतं, पण भुवई सगळ्यात जास्त त्यानेच बदलली. `realesr-animevideov3` जरा मऊ वाटतं, पण मूळ रेषेची जाडी त्यात अधिक टिकली. काकांना दोन्ही छापून दाखवली, कुठलं कोणतं ते न सांगता. त्यांनी मऊ असलेलं उचललं. बिलिबिलीने 2022 साली खुलं केलेलं रिअल-क्युगॅनही बघण्यासारखं आहे. त्यात खरखर किती काढायची ते ठरवता येतं आणि पार्श्वभूमीचा पोत बराच राखणारा एक संयमी पर्यायही आहे.

निवड झाली की आज्ञा एका ओळीची:

```
realesrgan-ncnn-vulkan -i in -o up -n realesr-animevideov3 -s 2 -f png
```

दुप्पटच का, चौपट का नाही? 704 चे 1408 होतात आणि शेवटी 1440 गुणिले 1080 करायला ते पुरतं. 4 ला 3 या प्रमाणातल्या जुन्या चित्राला पूर्ण एचडी उंची एवढीच लागते. डीव्हीडीतून 4के काढायला गेलं की वाढलेला प्रत्येक पिक्सेल मॉडेलच्या मनचा असतो आणि भुवईसारख्या चुका दुप्पट मोठ्या दिसतात.

रेष परत मिळवणे

आता भुवई. मॉडेलचं चित्र आणि साध्या गणिताने मोठं केलेलं मूळ चित्र एकमेकांत मिसळायचं, हाच मला सापडलेला सगळ्यात भरवशाचा उपाय. साध्या वाढवलेल्या चित्रात धूसरपणा असतो, पण तिथे खोटं काही नसतं. रेषेची चढ-उतार, भिंतीवरचे फटकारे त्यात आहेत. मॉडेलचा 75 टक्के आणि मूळचा 25 टक्के असं मिश्रण केलं तेव्हा भुवईचं टोक पुन्हा निमुळतं झालं. फक्त पार्श्वभूमी असलेल्या दृश्यांत मी मॉडेलचा वाटा 50 वर आणला. पाट्यांसाठी मॉडेल वापरलंच नाही, साधं वाढवलेलं चित्रच ठेवलं.

आधी गाळलेल्या जागा भरायच्या. प्रत्येक रिकाम्या क्रमांकावर आधीच्या फ्रेमची प्रत ठेवणारी ही छोटी स्क्रिप्ट:

```
for d in in up; do
  for n in $(seq -w 0 2999); do
    if [ -f $d/$n.png ]; then p=$n
    else cp $d/$p.png $d/$n.png; fi
  done
done
```

मग मिश्रण आणि एन्कोडिंग एकत्र:

```
ffmpeg -framerate 25 -i up/%04d.png \
-framerate 25 -i in/%04d.png -filter_complex \
"[1]scale=1408:1152:flags=spline[s];\
[0][s]blend=all_mode=normal:all_opacity=0.75,\
scale=1440:1080:flags=spline:out_color_matrix=bt709,\
setsar=1,format=yuv420p10le" \
-r 50 -c:v libx265 -crf 17 -preset slow -tune animation \
-color_primaries bt709 -color_trc bt709 \
-colorspace bt709 chitra1.mkv
```

यातल्या दोन गोष्टी विसरू नका. `out_color_matrix=bt709` नसेल तर रंग जुन्या एसडीच्या हिशेबाने साठवले जातात, पण मोठी फाइल बघून प्लेअर त्यांना एचडीच्या हिशेबाने उलगडतो. सपाट रंगांच्या चित्रात हा फरक लगेच कळतो. माझं लाल पागोटं आणि हिरवं शेत दोन्ही वेगळ्याच छटेचे झाले होते आणि मी तासभर मॉडेलवर संशय घेत बसलो होतो. दुसरी गोष्ट 10 बिट. स्वच्छ झालेल्या आकाशात निळ्याच्या छटा हळूहळू बदलतात. 8 बिटमध्ये तिथे पट्टे पडतात. आधी टेपची खरखर ते पट्टे झाकत होती. आता खरखर गेली, म्हणून झाकणारं कुणी उरलं नाही. त्यातूनही पट्टे दिसले तर `format` नंतर `deband` घाला.

ताईचा भाग

इथे मी फार हात लावला नाही. `bwdif` ने सेकंदाला 50 फ्रेम केल्या, साध्या स्प्लाइनने 1440 गुणिले 1080 पर्यंत वाढवलं, मॉडेलचा वाटा फक्त चौथा हिस्सा ठेवला. त्यासाठी `realesrgan-x4plus` वापरलं. ते चौपटीसाठीच शिकवलेलं आहे, म्हणून `-s 4` ने मोठं करून मग खाली आणावं लागतं. चेहऱ्याच्या बाबतीत माणसाची नजर फार तिखट असते. ओळखीच्या चेहऱ्यावर मॉडेलने काढलेली एक खोटी सुरकुतीही खटकते, आणि मूळ धूसरपणा मात्र डोळा सहज माफ करतो. टेपची खरखरही थोडी राहू दिली. त्वचेवर ती शोभते. जुळ्या फ्रेम काढण्याची पायरी इथे लावू नका. माणूस स्थिर बसला तरी श्वास घेत असतो, आणि फ्रेम गाळल्या की तो अडखळत जगतोय असं दिसतं.

चित्रांच्या फाइलीही `-r 50` ने काढल्या होत्या, म्हणून दोन्ही भाग सलग जोडता आले. चित्रांत प्रत्येक फ्रेम फक्त दोनदा दाखवली जाते, मधली फ्रेम बनवलेली नाही. काही टीव्ही स्वतःहून मधल्या फ्रेम तयार करतात. कार्टून बघताना ती सोय बंद करा, कारण दोन चित्रांमधली उडी चित्रकाराने मोजून ठेवलेली असते.

तपासणी

तयार फाइल आणि साधी वाढवलेली मूळ फाइल एकाच फ्रेमवर आणून आलटून पालटून बघा. चार ठिकाणी थांबा. स्थिर पात्राची बाह्यरेषा थरथरत नाही ना? रेषेचं टोक निमुळतं आहे ना? लांबच्या चेहऱ्यांत मुळात नसलेलं काही उगवलं नाही ना? भिंतीवर ब्रशचा फटकारा उरला आहे ना? मग पूर्ण वेगाने आवाजासकट बघा, विशेषतः ओठ.

काही ठिकाणी हार मानावी लागली. पावसाच्या दृश्यात पाऊस म्हणजे एक-दोन पिक्सेलच्या फिकट तिरक्या रेघा. मॉडेलला त्या टेपवरचे ओरखडे वाटले आणि अर्धा पाऊस पुसला गेला. मिश्रण 30 टक्क्यांवर आणूनही उरलेला पाऊस तुटक दिसत होता, म्हणून ते 40 सेकंद मी मॉडेलशिवायच ठेवले. विझत जाणाऱ्या दृश्यांत, जिथे एक चित्र दुसऱ्यात विरघळतं, तिथेही दोन्ही चित्रांच्या अर्धवट रेषा मॉडेल पक्क्या करू बघतं. तिथेही साधं वाढवणंच बरं.

फिल्म मिळाली असती तर यातलं काहीच लागलं नसतं. 16 मिलिमीटरच्या फिल्मवरही डीव्हीडीपेक्षा कितीतरी अधिक रेष टिकलेली असते आणि तिचं चांगलं स्कॅन कुठल्याही मॉडेलला मागे टाकतं. काका अजून एका जुन्या सहकाऱ्याकडे डबे आहेत का ते विचारत आहेत. तोवर त्यांनी भुवईचं दृश्य तीनदा मागे नेऊन पाहिलं, आणि पाटीवरचं 'रंग' मला पुन्हा लिहून देतो म्हणाले, त्याच ब्रशने.